पार्ट टाइम माणूस कधी ठेवावा, काम बाहेर कधी द्यावे?

आपल्या वस्त्यांमधून बॅनर, टी-शर्ट, लग्नपत्रिका छापणारी लहान दुकाने आता बरीच दिसतात. आम्ही दोघे असेच एक दुकान चालवतो. एप्रिलमध्ये जयंतीच्या ऑर्डरी आल्या, रात्री जागून कामे केली आणि त्याच भरात ठरवले की पगारावर एक डिझायनर ठेवायचा. सुदैवाने त्याआधी वही काढून हिशेब मांडला.

बाहेरचा डिझायनर आमच्याकडून एका डिझाइनचे ४०० रुपये घेतो. पार्ट टाइम माणसाला रोज चार तासांचे महिना ८,००० द्यावे लागले असते. म्हणजे दर महिन्याला २० डिझाइन निघाली, तरच दोन्ही खर्च सारखे. एप्रिलमध्ये ४० निघाली होती. पण जूनमध्ये नऊ आणि जुलैमध्ये अकरा. त्या महिन्यांत बाहेर काम देऊन चार हजारांच्या आसपास भागले. माणूस ठेवला असता तर आठ हजार ठरलेलेच. म्हणून निर्णय तेजीचा महिना पाहून घेऊ नये, सर्वात मंदीचा महिना पाहून घ्यावा.

वहीत दुसरेही एक दिसले. फोन घेणे, माप लिहून घेणे, पॅकिंग, उधारीची आठवण करणे यात आमचे रोज तीन तास जात होते, आणि ते जूनमध्येही फारसे कमी झाले नाहीत. हे काम नगावर बाहेर देता येत नाही. त्यासाठी ठरलेल्या वेळी माणूस दुकानातच हवा. आम्ही पहिला माणूस ठेवला तो यासाठी. त्याआधी तीन महिन्यांचा पगार, २४,००० रुपये, बाजूला काढून ठेवले.

पगार ठरवताना किमान वेतनाचा चालू दर पाहून घ्यावा. पार्ट टाइम आहे म्हणून तासाचा दर त्याखाली नेता येत नाही. आणि पगार वाचवण्यासाठी माणसाला रोज दहा ते दोन दुकानात बसवायचे, कामही आपणच नेमून द्यायचे आणि कागदावर मात्र ‘फ्रीलान्सर’ लिहायचे, हे करू नये. वाद झाला तर कागदावरचे नाव नव्हे, प्रत्यक्ष संबंध पाहिला जातो. (ज्यांच्या आईवडिलांनी ठेकेदाराकडे वर्षानुवर्षे असे काम केले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.)

बाहेर काम देताना आमची एक चूक झाली. डिझाइनची मूळ फाइल कुणाची, हे लिहून घेतले नव्हते. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे असतो. फ्रीलान्सरच्या कामाचा सहसा त्याच्याकडेच राहतो, लेखी हस्तांतर करून घेतले तरच आपल्याकडे येतो. आमच्या एका गिऱ्हाइकाला तारीख बदलून तोच बॅनर हवा होता. फाइल नसल्याने तो पुन्हा पूर्ण करून घ्यावा लागला, पुन्हा ४०० देऊन.