दहा दिवसांच्या आतले पत्र

साताऱ्यातल्या एखाद्या कुटुंबाने ४ ऑक्टोबरला त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला, असे समजू. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते : ‘दोष आढळल्यास १० दिवसांच्या आत कळवावे.’ नवव्या तारखेच्या रात्री पडद्याच्या उजव्या बाजूला एक हिरवी उभी रेघ उमटते आणि सकाळपर्यंत तिच्या तीन होतात. घरातले दुकानात फोन करतात. पलीकडून आवाज येतो, ‘कंपनीच्या नंबरवर तक्रार टाका, माणूस येऊन बघून जाईल.’

गोष्ट बहुतेक वेळा इथेच बिघडते. माणूस येतो तोपर्यंत चार दिवस गेलेले असतात. तो ‘पॅनल मागवावे लागेल’ म्हणतो आणि जॉबशीटवर ‘वॉरंटीत दुरुस्ती’ असे लिहून सही घेतो. दहा दिवस उलटून जातात. मग दुकानदार ती जॉबशीट पुढे करतो : तुम्ही दुरुस्तीला होकार दिलात, आता बदली कशी मागता? मुदतीत फोन केला होता हे खरे, पण त्या फोनवर काय बोलणे झाले याचा कागद कोणाकडेच नसतो. म्हणून कंपनीत तक्रार नोंदवावी, पण त्याच दिवशी दुकानाच्या नावे पत्रही लिहावे. सही करण्याआधी जॉबशीट वाचावी आणि ‘दुरुस्ती मान्य नाही, टीव्ही बदलून हवा’ असे तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहावे.

पत्राआधी पाच मिनिटांची एक तपासणी करावी. रिमोटवरून टीव्हीचाच मेनू उघडावा. रेघा मेनूवरही दिसत असतील तर दोष टीव्हीतच आहे. मेनू स्वच्छ आणि फक्त चॅनेलवर रेघा असतील, तर आधी सेटटॉप बॉक्स आणि त्याची केबल बदलून पाहावी. मेनू उघडा ठेवून रेघांचा व्हिडिओ काढावा आणि टीव्हीच्या पाठीमागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहावा. काचेला तडा मात्र नसावा. तडा दिसला की ‘ग्राहकाच्या हातून लागलेला मार’ असे सांगितले जाते आणि ते खोडून काढायला खोके उघडतानाचे फोटो नसले तर फार जड जाते.

पत्र स्वतः लहानच असावे. राग, मनस्ताप, पाहुण्यांसमोर झालेली फजिती हे सगळे खरे असले तरी त्याने मागणी झाकून जाते.

‘दि. ४ ऑक्टोबर रोजी आपल्या दुकानातून ४३ इंची टीव्ही घेतला. बिल क्रमांक, मॉडेल व सिरियल नंबर खाली दिले आहेत. दि. ९ ऑक्टोबरच्या रात्रीपासून पडद्यावर हिरव्या उभ्या रेघा दिसत आहेत. टीव्हीचा मेनू उघडल्यावरही त्या तशाच राहतात. आपल्या बिलावरील १० दिवसांची मुदत अद्याप संपलेली नाही. तरी सात दिवसांत याच मॉडेलचा नवा टीव्ही द्यावा. ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. दुरुस्ती मला मान्य नाही. सोबत बिलाची प्रत व फोटो जोडले आहेत.’

यातले ‘रक्कम परत करावी’ हे शब्द गाळू नयेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे विकलेली सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदतच छापली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. ही तरतूद पैसे परत करण्याबद्दल बोलते. टीव्ही बदलून देण्याचा आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो, पण पत्रात दोन्ही मागण्या असलेल्या बऱ्या. ही सोय सदोष वस्तूपुरती आहे. घरी आणल्यावर टीव्ही भिंतीला लहान वाटला, तर तिचा उपयोग नाही.

पत्राच्या दोन प्रती कराव्यात. एक दुकानात द्यावी आणि दुसऱ्या, म्हणजे स्थळप्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घ्यावी. काउंटरवरचा माणूस पुष्कळदा ‘मालक नाहीत’ म्हणून सही टाळतो. तसे झाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे, पावती जपावी आणि पत्राचा फोटो बिलावरच्या ईमेलवरही धाडावा.

सात दिवसांत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ती मध्यस्थी करते, आदेश देत नाही. आदेशासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि टीव्ही पुण्यातून आणला असला तरी साताऱ्यात राहणाऱ्याला साताऱ्यातच तक्रार करता येते.

दुकानदाराने नवा टीव्ही दिलाच, तर त्याचा सिरियल नंबर जुन्या बिलावर नसतो. खोके घरात घेण्याआधी नव्या नंबराचे बिल मागून घ्यावे, नाहीतर पुढच्या तक्रारीच्या वेळी सर्व्हिस सेंटरवाला ‘हा टीव्ही या बिलावरचा नाही’ असे सांगून परत जातो.