रागाच्या मसुद्यातून काय उरतं?

पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयातलं उदाहरण घेऊ. थकबाकीच्या अहवालासाठी एका अधिकारी महिलेनं बारा शाखांचे आकडे जमवले, तक्ते केले. सोमवारच्या बैठकीत वरिष्ठ सहकाऱ्यानं सांगितलं, "हा अहवाल मी तयार केला." त्या रात्री तिनं लिहिलं:

"तुम्ही नेहमी असंच करता. माझी मेहनत चोरून साहेबांपुढे मिरवलीत. सगळ्या ऑफिसला तुमचा स्वभाव माहीत आहे. लाज वाटायला हवी."

असा मसुदा लिहायला काहीच हरकत नाही. फक्त ईमेलमध्ये 'प्रति'ची जागा रिकामी ठेवावी, म्हणजे चुकून बोट लागलं तरी तो जाणार नाही. सकाळी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: समोरच्याला हे नाकारता येईल का?

'नेहमी' हा शब्द तिथेच पडतो. एखादा जुना अपवाद दाखवला की मूळ तक्रार बाजूला राहते आणि वाद त्या अपवादावर सुरू होतो. 'चोरून' म्हणजे हेतूचा आरोप, आणि हेतू सिद्ध करता येत नाही. शिवाय तो खोटाही असू शकतो. मायकेल रॉस आणि फियोरी सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवलं की एकत्र केलेल्या कामात माणसाला स्वतःचा वाटा अधिक सहज आठवतो आणि म्हणून तो मोठा वाटतो. अहवालाची मांडणी करणाऱ्याला तो मनापासून आपलाच वाटला असेल. म्हणून त्याची चूक माफ होत नाही, पण पत्रात हेतूऐवजी घडलेली गोष्ट लिहिणं शहाणपणाचं ठरतं. 'सगळं ऑफिस'ही गाळावं, कारण तिथे पत्राबाहेरची माणसं विनाकारण ओढली जातात.

एवढं काढल्यावर लक्षात येतं की मसुद्यात मागणीच नव्हती. राग भरपूर होता, पण तिला नेमकं काय हवंय ते कुठेच नव्हतं.

नवा मजकूर असा झाला:

"नमस्कार सर. सोमवारी अहवाल मांडताना तो तुम्ही तयार केल्याचं सांगितलंत. बारा शाखांची आकडेवारी आणि तक्ते माझे होते, प्रस्तावना आणि सादरीकरण तुमचं. माझा उल्लेख राहिला याचं मला वाईट वाटलं. शुक्रवारी अहवाल संचालकांकडे जाईल, त्यावर दोघांचीही नावं असावीत. आज चारनंतर दहा मिनिटं बोलता येईल का?"

सहकाऱ्याचा वाटा मान्य केल्यानं तिचा दावा उलट भक्कम झाला. 'कदाचित माझाच गैरसमज असेल' असं मात्र तिनं लिहिलं नाही. तसं लिहिलं असतं तर उत्तर आयतं मिळालं असतं: हो, गैरसमजच आहे. साहेबांना प्रतही पाठवली नाही, कारण प्रत दिसली की समोरचा माणूस चूक सुधारण्याऐवजी बचावाला लागतो.

उत्तर आलं नाही किंवा हाच प्रकार पुन्हा घडला, तर हाच मजकूर आणि तक्त्यांच्या तारखा असलेल्या फायली घेऊन वरिष्ठांकडे जाता येतं.