झाड रस्त्याच्या मधोमध कसं उगवलं?

पुण्यातल्या एखाद्या जुन्या कॉलनीत रविवारी सकाळी दहा-बारा स्वयंसेवक मोबाइल घेऊन झाडांची नोंद करतात. संध्याकाळी कुणीतरी ते सगळे बिंदू नकाशावर टाकतं आणि हसू फुटतं. एक आंबा रस्त्याच्या मधोमध उभा असतो, नारळ शेजारच्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात, आणि एकाच जागी एकावर एक तीन कडुनिंब. झाडं जिथल्या तिथे आहेत, बिंदू भरकटले आहेत. अशा मोहिमेआधी स्वयंसेवकांना जे पत्रक हाती दिलं जातं, त्याचा बराचसा भाग हा गोंधळ टाळण्यासाठीच असतो.

पत्रकाची सुरुवात फोनच्या एका परवानगीपासून व्हायला हवी. अँड्रॉइड 12 पासून ॲप पहिल्यांदा उघडताना फोन विचारतो, जागा `Precise` द्यायची की `Approximate`? घाईत दुसऱ्यावर बोट पडलं, तर ॲपला झाडाची जागा कळतच नाही, फक्त परिसर कळतो. आयफोनमध्ये हीच सोय `Precise Location` या बटणामागे असते. एखाद्याचे सगळेच बिंदू किलोमीटरभर इकडेतिकडे पडले असतील, तर उपग्रहांना दोष देण्याआधी हे बटण बघावं.

त्यानंतर येतो पडद्यावरचा अचूकतेचा आकडा. जागा घेताना ॲप ‘± 6 मीटर’ असं काहीतरी दाखवतं. अँड्रॉइडच्या व्याख्येप्रमाणे हे एका वर्तुळाचं त्रिज्यामाप आहे आणि खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता 68 टक्के धरलेली असते. म्हणजे तीनातल्या एका वेळी झाड वर्तुळाबाहेरही असू शकतं. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची चूक साधारण पाच मीटरची मानली जाते. गल्लीत, इमारतींच्या मध्ये किंवा घनदाट पर्जन्यवृक्षाखाली ती सहज वाढते. शिवाय हा आकडा फोनचा स्वतःचा अंदाज असतो. काचेच्या इमारतीवर आपटून आलेला संदेश फोनला सरळ आलेला वाटतो आणि तो ‘± 4’ म्हणत ठामपणे चुकीची जागा दाखवतो.

सगळ्यात जास्त चुका पहिल्या दहा सेकंदांत होतात. ॲप उघडल्यावर आकडा 30 असतो, मग 18, 11, 7 असा उतरत जातो. उत्साही माणूस 30 ला बटण दाबून पुढच्या झाडाकडे निघालेला असतो. फोन खिशातून काढून छातीच्या उंचीवर धरावा, खोडाच्या रस्त्याकडच्या बाजूला एक पाऊल अंतर ठेवून उभं राहावं आणि आकडा उतरायचा थांबेपर्यंत वाट बघावी. बहुतेक वेळा अर्धं मिनिट पुरतं. मोहिमेत सगळ्यांनी खोडाची तीच बाजू धरली, तर निदान सगळ्यांची चूक एकाच दिशेची राहते.

ही वाट बघण्याचं काम ॲपवरही सोपवता येतं. ओडीके कलेक्ट हे अशा मोहिमांत वापरलं जाणारं मोफत ॲप. त्यात मूळ नियम असा, की अचूकता 5 मीटरपर्यंत आली की ॲप जागा आपोआप टिपतं. फॉर्म बनवणारा हा आकडा बदलू शकतो. त्या तक्त्यातली ओळ साधारण अशी दिसते:

```
type      name   label         parameters
geopoint  jaga   झाडाची जागा   capture-accuracy=8 warning-accuracy=15
```

इथे 8 मीटरला जागा टिपली जाईल आणि 15 च्या वर असताना इशारा दिसेल. आकडा जितका कडक तितकं बरं, असं वाटणं साहजिक आहे. पण अरुंद गल्लीत 5 चा हट्ट धरला की स्वयंसेवक दोन मिनिटं ताटकळतो, कंटाळतो आणि चार पावलं रस्त्यावर मोकळ्यात जाऊन उभा राहतो. तिथे ॲप खूश होऊन जागा टिपतं. कागदोपत्री अचूकता 4 मीटर, आणि आंबा रस्त्याच्या मधोमध! कडक नियमानेच तो तिथे नेऊन लावला. त्यामुळे मोहिमेच्या आदल्या दिवशी एकाने गल्लीतून फिरून, फोन कुठवर उतरतो ते बघावं आणि मगच आकडा ठरवावा.

तरीही एका ठिकाणी फोनला हार मानावीच लागते. समजा, सोसायटीच्या भिंतीलगत तीन-तीन मीटरवर सात आसुपालव ओळीने लावले आहेत आणि फोन ± 8 च्या खाली यायला तयार नाही. मग सातांतलं कुठलं झाड कुठलं, हे बिंदू सांगूच शकत नाही. अशा वेळी फाटकाच्या खांबाजवळ, जिथे आकाश मोकळं आहे, तिथे एकच चांगला बिंदू घ्यावा आणि पुढे टेप लावावी. ‘फाटकाकडे तोंड केल्यावर उजवीकडे, खांबापासून 1.8, 4.7, 7.9 मीटर’ असं लिहिलं की संगणकावर बसलेला माणूस भिंतीच्या रेषेवर झाडं बसवू शकतो. ही काही गरिबाची युक्ती नाही. न्यूयॉर्कने 2015 च्या गणनेत दोन हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीने रस्त्यांवरची 6 लाख 66 हजार झाडं नोंदवली, ती मोजणीचं चाक आणि टेप घेऊन, चौकापासून पदपथाच्या कडेने अंतर मोजत.

आता नाव. हौसेने लोक ‘मोठा गुलमोहर जोशींसमोर’ असं लिहितात. जोशी घर विकतात, आणि गुलमोहर गुलमोहर निघेलच याची खात्री नसते. फुलं नसताना गुलमोहर, नीलमोहर आणि सोनमोहर यांची बारीक पानांची पिसं नवख्याला सारखीच दिसतात. मे महिन्यात पिवळा बहर आला की ओळख बदलते. म्हणून झाडाची जात वेगळ्या रकान्यात हवी. तिथे ती कितीदाही सुधारता येते. नावात फक्त न बदलणाऱ्या गोष्टी.

`K07-B-014` हे नाव घ्या. `K07` म्हणजे सातवी गल्ली, `B` म्हणजे गट आणि `014` हा गटाचा चालू क्रमांक. गटाचं अक्षर गाळलं, तर एकाच गल्लीत दोन बाजूंनी निघालेले दोन गट आपापलं 001 लिहितात आणि संध्याकाळी दोन वेगळी झाडं एक होतात. पुढची शून्यं गाळली, तर संगणक 1 नंतर 10 आणि मग 2 लावतो. `O` आणि `I` ही अक्षरं गटांना देऊच नयेत, कारण ती शून्य आणि एकसारखी दिसतात. मराठी कळफलकाचा तर खास सापळा आहे. एकाने `०१४` लिहिलं आणि दुसऱ्याने `014`, तर माणसाला ते एकच, संगणकाला मात्र दोन नावं. अंक कुठल्या लिपीत हे पत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेलं बरं.

झाड पडलं किंवा तोडलं गेलं, तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात दर पाच वर्षांनी झाडांची गणना सांगितली आहे. पाच वर्षांनी `K07-B-014` च्या जागी नुसता बुंधा दिसला, तर तीही नोंदच आहे. क्रमांक नव्या रोपाला दिला असता, तर जुन्या वडाचा घेर अचानक बोटाएवढा झालेला दिसला असता.

काम नीट झालं की नाही, हे कळायला दुसऱ्या रविवारी शंभरातली कुठलीही दहा नावं आणि त्यांचे बिंदू दुसऱ्या गटाकडे द्यावेत. पहिल्या गटाला काहीही न विचारता त्यांनी ती झाडं शोधायची. जिथे दोन झाडांमध्ये उभं राहून ‘हे का ते?’ असा वाद होईल, त्या गल्लीत टेप घेऊन पुन्हा जायचं.