पाण्यातले क्षार मोजणारी वीज

मे महिन्यात गोंदियात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी छतावरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. तेच पाणी जानेवारीच्या पहाटे बोटं बधिर करतं. या दोन पाण्यांत विरघळलेले क्षार अगदी सारखे असले, तरी तापमानाचा हिशोब न ठेवणारा टीडीएस मीटर दोघांचे आकडे वेगवेगळे दाखवेल. असं का होतं, हे कळलं की आरओच्या मेम्ब्रेनची तब्येत ओळखण्याची किल्लीच हाती येते.

खिशात मावणारा हा पेन मीटर खरं तर क्षार मोजतच नाही, तो वीज मोजतो. निव्वळ शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. ती वाहून नेतात कॅल्शियम, सोडियम, क्लोराइड असे विद्युतभारित कण. पेनाच्या टोकाच्या दोन धातूच्या पिनांमधून किती वीज गेली हे मीटर पाहतो, त्याला एका ठरावीक गुणकाने गुणतो आणि उत्तर मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये सांगतो. म्हणजे पडद्यावरचा आकडा हा अंदाज असतो, पण कामाचा अंदाज.

पाणी तापलं की पातळ होतं आणि हे कण त्यातून भरभर सरकतात. दर अंशाला विजेचं वहन साधारण दोन टक्क्यांनी वाढतं. समजा, बोअरच्या पाण्याचा 25 अंशांवरचा आकडा 420 आहे. तापमान न जुळवणारा मीटर 15 अंशांना 336 दाखवेल आणि 40 अंशांना 546. पाण्यात कणभरही फरक पडलेला नाही! म्हणून चांगल्या पेनात तापमान ओळखणारा छोटा संवेदक असतो आणि मीटर प्रत्येक मोजणी 25 अंशांवर आणून दाखवतो. मात्र या संवेदकाला पाण्याइतकं गरम किंवा गार व्हायला वेळ लागतो. पेन बुडवल्याबरोबर आकडा वाचू नका, अर्धा-एक मिनिट थांबा. आकडा स्थिर झाला की मगच तो खरा.

आता मेम्ब्रेनकडे वळू. मे महिन्यात आत जाणारं पाणी 420 आणि मेम्ब्रेनमधून आलेलं 25 असेल, तर शंभरातले सुमारे सहा भाग क्षार निसटले आणि 94 अडले. ऑगस्टमध्ये पाऊस मुरून बोअरचं पाणी 250 वर आलं आणि बाहेरचा आकडा मात्र 25च राहिला, तर घरचे म्हणतील, सगळं ठीक आहे. पण आता दहा भाग निसटत आहेत. आकडा तोच राहिला आणि मेम्ब्रेन मात्र उतरली. म्हणून एकटा आकडा बघू नये, दोन्हींचं प्रमाण बघावं. दोन्ही पाणी एकाच तापमानाचं असेल, तर मीटरची तापमानाची चूकही या भागाकारात बरीचशी आपोआप कटते.

एक बारकावा इथे लक्षात ठेवायला हवा. तापमानाची जुळवणी मीटरची असते, मेम्ब्रेनची नव्हे. गरम पाण्यात मेम्ब्रेनमधूनही क्षार जास्त निसटतात, आणि ती वाढ खरीच असते. म्हणून मे महिन्याची तुलना मागच्या मे महिन्याशी करावी, जानेवारीशी नको.

मोजायचं कुठे, हेही तितकंच महत्त्वाचं. अनेक घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात. त्यामुळे नळाचं पाणी मेम्ब्रेनबद्दल काहीच खात्रीचं सांगत नाही. नमुना मेम्ब्रेनच्या लगेच पुढच्या नळीतून घ्यावा. यंत्र रात्रभर बंद असेल, तर क्षार हळूहळू मेम्ब्रेनपलीकडे झिरपलेले असतात. म्हणून आधी काही मिनिटं पाणी वाहू द्यावं. निसटणारे क्षार महिनोन्महिने हळूहळू वाढले, तर मेम्ब्रेन झिजली किंवा तिच्यावर क्षारांचा थर बसला असं समजावं. एका दिवसात उडी मारली, तर आधी रबरी रिंग आणि पंपाचा दाब तपासावा.

पेनाच्याही मर्यादा आहेत. पिनांवर पांढरा थर बसला किंवा हवेचा बुडबुडा अडकला, तर आकडा खोटा येतो. दहाच्या खाली एक-दोन अंकांचा फरक भरवशाचा नसतो. खात्री करायची असेल तर एक ग्रॅम कोरडं, शुद्ध मीठ दोन लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. मिठाचा गुणक वापरणारा मीटर 500च्या आसपास दाखवायला हवा.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे. 420च्या गर्दीत अशा दोन मिलिग्रॅमचा पत्ता पेनाला कधीच लागणार नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. पाणी पिण्याजोगं आहे का, हे प्रयोगशाळेलाच विचारा. पेनाला फक्त मेम्ब्रेनचं विचारा, आणि दर महिन्याला आतला आकडा, बाहेरचा आकडा आणि तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.