प्रतिमा न साठविणारा व्यक्तिगणक : रचना व पडताळणी

प्रस्तावना : ग्रंथालयात दिवसभरात किती वाचक आले, हे जाणण्यासाठी त्यांचे चेहरे साठविण्याची आवश्यकता नसते. दारावरील कॅमेऱ्याची दृश्ये उपकरणातच तपासून केवळ आकडा राखणाऱ्या यंत्रणेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना : कॅमेरा दारावर, सरळ खाली पाहणारा असावा, त्यामुळे माणसे एकमेकांआड दडत नाहीत व चेहरेही सहसा दिसत नाहीत. रास्पबेरी पायसारखा लहान संगणक प्रत्येक चौकट मेमरीत घेतो, व्यक्तींचे मध्यबिंदू काढतो आणि त्याच जागेवर पुढील चौकट लिहितो. लगतच्या चौकटींतील जवळचे बिंदू एकाच व्यक्तीचे मानले जातात. एकच रेषा आखल्यास दारात घुटमळणारा वाचक अनेकदा मोजला जातो. म्हणून दोन समांतर रेषा क्रमाने ओलांडल्यावरच वेळ व दिशा यांची नोंद करावी. स्वॅप बंद ठेवावे. अन्यथा मेमरीतील दृश्य कार्यप्रणाली परस्पर कार्डावर उतरवू शकते.

पडताळणी : समजा, दिवसअखेर आत २१२ व बाहेर २०५ अशी नोंद आहे आणि दालन रिकामे आहे. ७ चा फरक चूक दर्शवितो. मात्र फरक शून्य असला, तरी दोन्ही दिशांना सारखेच वाचक सुटलेले असू शकतात. यास्तव गर्दीच्या वेळी अर्धा तास दारापाशी बसून हाताने मोजणी करावी व ती यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहावी.

निष्कर्ष : चित्रफीत नसल्याने झालेली चूक मागाहून शोधता येत नाही. गोपनीयतेसाठी ही मर्यादा स्वीकारावी लागते. म्हणूनच प्रत्यक्ष मोजणी ठरावीक काळाने पुन्हा करणे अपरिहार्य ठरते.