न दिसणाऱ्या धुळीचा हिशेब

1970 च्या दशकात पोर्तो रिकोमध्ये गर्भनिरोधक गोळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या काही पुरुष कामगारांची छाती वाढू लागली. तिथल्या काही स्त्रियांना पाळी नसतानाही रक्तस्राव होऊ लागला. यातल्या पुरुषांनी गोळी कधीच घेतली नव्हती. गोळीतलं इस्ट्रोजेन हवेतल्या पावडरीतून त्यांच्या अंगात जात होतं.

हे कसं घडतं, ते साध्या गणितातून कळतं. अशा एका गोळीत इथिनिल इस्ट्राडायोल साधारण 30 मायक्रोग्रॅम असतं. आठ तासांच्या पाळीत माणूस सुमारे 10 घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दर घनमीटरला फक्त 3 मायक्रोग्रॅम पावडर तरंगत असली, तरी रोज एका गोळीइतकं औषध नाकातोंडात जातं. एवढी धूळ डोळ्यांना दिसत नाही, तिला वासही नसतो. डोळ्यांना दिसेपर्यंत थांबणं म्हणूनच घातक आहे.

त्यामुळे कंपन्या औषधांची विभागणी हवेत किती प्रमाण चालेल यावरून करतात. हे बहुधा पाच बँड असतात. पहिल्या बँडमध्ये घनमीटरला 1000 मायक्रोग्रॅमच्या वरही चालतं, पाचव्यात 1 मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. सीमा कंपनीगणिक थोड्या बदलतात. हार्मोन आणि कर्करोगावरची बरीच औषधं वरच्या बँडमध्ये येतात.

तिथे पावडर आयसोलेटरमध्ये हाताळतात. ही स्टीलची, काचेच्या खिडकीची बंद पेटी असते. कामगार बाहेर उभा राहून तिला जोडलेल्या लांब हातमोज्यांतून वजन करतो, पावडर ओततो. आतला दाब खोलीपेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणून फट पडली तरी हवा आत खेचली जाते. बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून गाळली जाते. सामान आत-बाहेर करायला जोडदार दारं असतात. दोन्ही एकमेकांत अडकल्याशिवाय उघडत नाहीत, आणि त्यांच्या बाहेरच्या, खोलीकडच्या बाजू एकमेकींना चिकटून झाकल्या जातात. काम संपल्यावर पेटी उघडण्याआधी आतली पावडर पाण्याने ओली करून धुतात.

बिघाड बहुतेक हातमोज्यात होतो. टोकदार चमच्याने किंवा घासून बारीक छिद्र पडतं, ते दिसत नाही. म्हणून मोज्यात हवा भरून दाब टिकतो का, हे नेमाने तपासावं लागतं. नवी पेटी वापरात घेण्याआधी औषधाऐवजी लॅक्टोजची पावडर वापरून पाहतात. कामगाराच्या नाकाजवळच्या गाळणीवर आणि आसपासच्या पृष्ठभागावर ती किती सापडते, ते मोजतात.

हवापुरवठ्याचा मास्क आणि सूट हे शेवटचं संरक्षण आहे, पहिलं नव्हे. सूट उतरवतानाच त्यावरची धूळ उडते, म्हणून आधी त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा लागतो.

औषध कारखान्यात काम करत असाल, तर दोन प्रश्न जरूर विचारा. ही पावडर कोणत्या बँडची आहे? इथल्या हवेची मोजणी शेवटची केव्हा झाली?