लेबलवरचे तीन आकडे

जुलैत हरिश्चंद्रगडावर मुक्काम करायचा, तर तंबूच्या लेबलवर आधी ‘३००० मिमी’सारखा आकडा शोधावा. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला, तरच पाणी आत झिरपू लागतं, असा त्याचा अर्थ. वरच्या आवरणाला १५०० ते २००० पुरतात, कारण तिथे पाऊस नुसता आपटून ओघळतो. तळाचं तसं नाही. ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की सगळा भार एवढ्याशा जागेवर येतो आणि पाणी वर दाबलं जातं. म्हणून तळ ३०००च्या वरचाच घ्यावा. विक्रेते बहुधा मोठा आकडा ठळक छापतात. तो कशाचा, ते विचारावं.

सकाळी आत ओल दिसली की तंबू गळका ठरवण्याची घाई होते. शिवणीलगत ओघळ असेल, तर शिवणीवरची पट्टी सुटली आहे. आवरणाच्या आतून सगळीकडे बारीक थेंब असतील, तर ती आपल्याच श्वासाची वाफ. झरोके उघडे ठेवावेत.

स्लीपिंग बॅगचं ‘कम्फर्ट’ तापमान पाहावं. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जेमतेम जीव वाचण्याची हद्द. सह्याद्रीतल्या पावसाळी रात्रीला १५ अंशांची बॅग पुरते. शून्य अंशांची घेतली, तर घामाघूम व्हाल आणि सॅकही तीच अडवेल. पिसांची बॅग लहान घडी होते खरी, पण भिजली की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. इथे कृत्रिम तंतूंचीच बरी, तीही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.